जजमेंटच्या गुणांचा तक्ता

प्रश्न: आम्ही चौघं घरी पत्त्यांतलं जजमेंट खेळतो आणि दर वेळी शेवटी बेरजेवरून भांडण होतं. गुणांचा तक्ता कसा आखावा, म्हणजे चुका कमी होतील आणि झाल्याच तर लगेच सापडतील?

भांडण बेरजेवर होत असलं तरी चूक बहुतेकदा आधीच झालेली असते. बऱ्याच घरांत वहीत नुसते गुण लिहितात. नंतर कुणी म्हणालं, "माझे दोन हात झाले होते, शून्य कसं लिहिलंस?" तर दाखवायला काहीच नसतं. म्हणून गुणांच्या आधी दोन आकडे यायलाच हवेत: सांगितलेले हात आणि झालेले हात. पहिला आकडा पान टाकण्याआधी लिहायचा, दुसरा डाव संपल्यावर.

इथं कोल्हापुरात गणपतीत मांडवात रात्री जागायला बसलं की आमचा हाच खेळ चालतो. उजेड बेताचा असतो, लिहिणारा मध्येच चहाला उठतो आणि वही दुसऱ्याच्या हातात जाते. तिथं टिकलेला तक्ता असा आहे. कागद आडवा धरायचा, डाव्या बाजूला पानं आणि हुकूम आधीच लिहून ठेवायचे, आणि खेळाडूंचे रकाने बसलेल्या क्रमानेच घ्यायचे. नाहीतर मामाचे गुण वहिनीच्या खात्यात जातात, आणि ही चूक कुठल्याच बेरजेत दिसत नाही.

गुण नेहमीचेच धरतो: सांगितले तितकेच हात झाले तर १० अधिक हात, नाहीतर शून्य. प्रत्येक चौकटीत सांगितले/झाले, मग गुण, मग त्याची आतापर्यंतची बेरीज.

| पानं | हुकूम | दादा | वहिनी | मामा | मी | डाव | सगळे |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ८ | इस्पिक | ३/३, १३, १३ | २/१, ०, ० | २/२, १२, १२ | ०/२, ०, ० | २५ | २५ |
| ७ | चौकट | १/१, ११, २४ | ३/३, १३, १३ | २/२, १२, २४ | २/१, ०, ० | ३६ | ६१ |
| ६ | किलवर | २/२, १२, ३६ | १/१, ११, २४ | १/२, ०, २४ | १/१, ११, ११ | ३४ | ९५ |

पहिली तपासणी गुण मांडायच्या आधीची. झालेल्या हातांची बेरीज पानांइतकीच यायला हवी. पहिल्या डावात ३, १, २, २ मिळून ८. नऊ किंवा सात आले तर तिथंच थांबा, पत्ते पिसू नका. हात समोर उलटे पडलेले असतात तोवरच ही चूक दुरुस्त होते. एकाचा हात दुसऱ्याच्या नावावर गेला तर मात्र बेरीज बरोबरच येते, म्हणून लिहून होईपर्यंत प्रत्येकाने आपले हात आपल्यापुढे वेगवेगळे ठेवायचे. वाटणाऱ्याने पानांइतकी बेरीज होऊ द्यायची नाही असा नियम असेल, तर सांगितलेल्या हातांची बेरीजही खेळायच्या आधीच बघून घ्या.

दुसरी तपासणी उजव्या दोन रकान्यांची. 'डाव' म्हणजे त्या डावातले चौघांचे गुण. 'सगळे' म्हणजे वरच्या ओळीतल्या 'सगळे'मध्ये हा डाव मिळवून येणारा आकडा. आता चौघांच्या आतापर्यंतच्या बेरजा वेगळ्या मिळवा: ३६, २४, २४, ११ म्हणजे ९५. इकडे ६१ अधिक ३४, तेही ९५. दोन वाटांनी एकच आकडा आला की ती ओळ पक्की. हे दर डावाला करा. शेवटी एकदम करायला गेलात तर चूक कुठल्या ओळीत ते शोधत बसावं लागतं.

आकडे जुळले नाहीत, तर फरक किती ते बघा. दादाचे ३६ कुणी ६३ लिहिले तर बेरीज १२२ होते आणि फरक २७ येतो. फरकाला नवाने भाग गेला की अंक उलटे पडल्याचा संशय धरा. फरक बरोबर १० असेल तर हातचा विसरलाय. ८ किंवा ८० असेल तर १ आणि ९ यांची गल्लत बघा. घाईत लिहिलेले हे दोन देवनागरी अंक फार फसवतात. आमच्यात ९ ची शेपटी मुद्दाम लांब ओढतात.

या खेळात आणखी एक सोय आहे. आठ पानांपर्यंत एका डावात एका खेळाडूचे गुण शून्य किंवा १० ते १८ इतकेच असू शकतात. गुणांच्या जागी ४ किंवा ७ दिसला, तर कुणीतरी दहा मिळवायला विसरलंय किंवा हातच गुणांत लिहिलेत. शून्य मात्र लिहायचंच. जागा मोकळी सोडली की 'राहून गेलं' आणि 'चुकला' यांतला फरक कळत नाही.

दुरुस्ती करताना आकड्यावर आकडा गिरवू नका. एक रेघ मारून शेजारी नवा लिहा आणि त्या खेळाडूची खालच्या प्रत्येक ओळीतली बेरीज बदला. 'डाव' आणि 'सगळे' हेही बदलावे लागतात.

तुमच्याकडे चुकल्यावर शून्याऐवजी उणे गुण देत असतील, तर फरकाचं निम्मं करून बघा. उणे १२ चे अधिक १२ झाले की फरक २४ येतो, तेव्हा त्या ओळीत १२ कुठं आहे ते शोधायचं.