शिष्यवृत्तीची लिंक बंद आहे, ती चालू करण्यासाठी पत्र कसं लिहू?

प्रश्न: मी परळच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज उघडायला गेले की 404 Not Found येतं. शेवटची तारीख ३१. आज २४. लिंक पुन्हा चालू करा असं पत्र कुणाला आणि कसं लिहू?

उत्तर:

कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे, त्यामुळे अशी पत्रं रोज हातात येतात. बहुतेकांत एवढंच असतं: 'लिंक चालत नाही, कृपया सहकार्य करावे.' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही, कारण बिघाड नेमका कुठे आहे ते कळत नाही.

म्हणून लिहिण्याआधी थोडं तपास. वॉट्सॅपवर आलेली किंवा मागच्या वर्षी साठवून ठेवलेली लिंक वापरू नकोस, ती मेलेलीच असते. mahadbt.maharashtra.gov.in उघडून नव्याने लॉगिन कर आणि तिथून योजनेपर्यंत जा. तरीही अडलं, तर वर्गातल्या दोघीतिघींना त्यांच्या लॉगिनमधून बघायला सांग. त्यांचं उघडलं तर घोळ तुझ्या प्रोफाइलमध्ये आहे. उत्पन्न, प्रवर्ग किंवा अभ्यासक्रम चुकीचा भरला की योजनाच दिसत नाही. वर्गात कुणाचंच उघडत नाही, पण दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं उघडतं, तर आपल्या कॉलेजचा अभ्यासक्रम पोर्टलवर नीट जोडलेला नसण्याची शक्यता मोठी. ते काम कॉलेजच्या लॉगिनमधून मार्गी लावायचं असतं, विभागाला पत्र लिहून उपयोग नाही. सगळीकडेच 404 येत असेल तरच विभागाकडे जायचं.

तुझी अडचण शेवटच्या प्रकारातली आहे असं धरते. ही योजना पदवीच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांसाठी उच्च शिक्षण संचालनालयाकडे आहे. मुंबईतल्या कॉलेजांचा संबंध विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयाशी येतो. पत्र तिथेच, पण प्राचार्यांच्या मार्फत. एकट्या मुलीसाठी लिंक सहसा कुणी उघडत नाही. कॉलेजच्या शिक्क्यासह दहा-बारा जणींची यादी गेली की प्रश्न पोर्टलचा आहे हे दिसतं. थेट मंत्रालयात पळू नकोस, पत्र फिरून खालीच येतं आणि तेवढ्यात तारीख उलटते.

मजकूर असा ठेव:

प्रति,
मा. विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण, मुंबई विभाग, मुंबई
मार्फत: मा. प्राचार्य, (कॉलेजचे नाव)

विषय: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज उघडत नसल्याबाबत

महोदय,
मी वरील महाविद्यालयात बी.कॉम. द्वितीय वर्षात शिकते. दि. २३ रोजी रात्री ९.४० वाजता व दि. २४ रोजी सकाळी ११.१५ वाजता महाडीबीटी पोर्टलवर लॉगिन करून वरील योजनेचा अर्ज उघडला असता 404 Not Found असा संदेश आला. संगणक व मोबाइल दोन्हींवर हीच स्थिती आहे. सोबतच्या यादीतील विद्यार्थ्यांनाही हीच अडचण येत आहे. अर्जाची अंतिम तारीख ३१ आहे. कृपया अर्जाची लिंक तातडीने सुरू करावी व लिंक जितके दिवस बंद राहिली तितकी मुदत वाढवून द्यावी, ही विनंती.
माझा पोर्टलवरील वापरकर्ता आयडी: ______
सोबत: स्क्रीनशॉट, विद्यार्थ्यांची सह्यांची यादी, उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत
आपली विश्वासू, (नाव, सही, मोबाइल)

यातली दुसरी विनंती लोक हमखास विसरतात. ३० तारखेला रात्री लिंक सुरू झाली तर 'सुरू तर केली' म्हणून मोकळे होतील, आणि उत्पन्नाचा दाखला अपलोड करायला तुमच्या हातात एकच दिवस उरेल. तासमिनिटं लिहिण्याचं कारण वेगळं आहे: त्या वेळी पोर्टलवर काय बिघाड होता हे तांत्रिक माणसाला शोधता येतं. स्क्रीनशॉट कापू नकोस; वरची पत्त्याची पट्टी आणि कोपऱ्यातली वेळ दिसली पाहिजे. आधार क्रमांक आणि पासवर्ड पत्रात कुठेही नको.

पत्राच्या दोन प्रती घे. कॉलेजात दिलेल्या प्रतीच्या पोचवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मागून घे, आपोआप कुणी देत नाही. कॉलेजने पुढे पाठवलं की जावक क्रमांकही लिहून ठेव. ईमेलही त्याच दिवशी कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरून जाऊ दे. आपले सरकारच्या तक्रार पोर्टलवरही नोंद कर, पण तिथून उत्तर यायला वेळ लागू शकतो, तेव्हा ३१ तारखेसाठी त्याच्यावर विसंबू नकोस. ती नोंद पुढे मुदतवाढ मागताना कामाला येते.

दरम्यान रोज सकाळी लवकर एकदा लॉगिन करून बघ. लिंक उघडली की त्याच बैठकीत अर्ज भर, सादर झाल्यावरचा अर्ज क्रमांक टिपून घे आणि छापील प्रत शिष्यवृत्तीच्या टेबलावर दे. कॉलेजने त्यांच्या लॉगिनमधून मंजूर केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.