महिना निघतो पण जून अडवतो, तेव्हा घरखर्च कसा मांडावा

प्रश्न: रत्नागिरीत दोन मुलांना घेऊन भाड्याने राहते. नवऱ्यापासून वेगळी झाले आहे, घटस्फोट अजून नाही. हातात २४ हजार पगार येतो. तो कधी पाच हजार पाठवतो, कधी काहीच नाही. महिना कसाबसा निघतो, पण जून आला की उसनवारी सुरू. जानेवारीपासून नीट बजेट बसवायचंय, कसं बसवू?

उत्तर:

ताई, मी चिपळूणला पतपेढीत नोकरी करते आणि मुलांना घेऊन एकटीच्या पगारावर घर चालवते, म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, त्याचे पाच हजार जमेत धरूच नका. ज्या महिन्यात येतील त्या महिन्यात ते वेगळ्या खात्यात टाका आणि शाळेच्या फीशिवाय त्यांना हात लावू नका. अधूनमधून येणारा पैसा महिन्याच्या हिशोबात शिरला की किराणा त्याच्या भरवशावर भरला जातो आणि तो आला नाही की दुकानात उधारी चढते.

आता २४ हजारांचं. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, आपल्याकडच्या बेताच्या घराचे धरते. भाडं ६,५००. वीज, गॅस, मोबाईल मिळून १,८००. किराणा, दूध, भाजी, मासळी ७,०००. मुलांची शाळेची रिक्षा आणि शिकवणी २,२००. तुमचं येणंजाणं ८००. एकूण १८,३००, म्हणजे कागदावर ५,७०० उरतात. तरीही जूनमध्ये उसने मागावे लागतात, कारण हे पैसे शिल्लक नाहीतच. वर्षातून एकदाच येणारे खर्च या यादीत आलेले नाहीत, एवढंच.

ते वेगळे लिहून काढा. एका मुलाची खासगी शाळेची फी १२,०००. दोघांची वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तरं ८,०००. रेनकोट, छत्र्या, पावसाळी चपला १,५००. आगोटीचे ६,०००: तांदूळ, कांदे, डाळी, सुकी मासळी, मसाला (रोजच्या किराण्यात हे धरलेलं नाही, नाहीतर दोनदा मोजलं जाईल). गणपतीला कपडे आणि माहेरी जाणं-येणं ५,०००. भाडेकराराचं नूतनीकरण २,५००. दवाखाना वर्षाचा ७,०००. बेरीज ४२,०००. बाराने भागलं की महिन्याला ३,५००. म्हणजे ५,७०० पैकी खरे मोकळे २,२००च आहेत. दरमहा ३,५०० पगाराच्या दिवशीच बाजूला गेले पाहिजेत. महिनाअखेरीस उरतील ते टाकू म्हणाल तर काही उरत नाही.

आणि इथेच बहुतेकींचा हिशोब अडकतो. बाराने भागणं वर्षभर चाललं तर बरोबर, पण तुम्ही सुरुवात जानेवारीत करताय. मेअखेरपर्यंत पाच पगार हातात येतील, म्हणजे १७,५०० जमतील. मे-जूनमध्ये मात्र फी, पुस्तकं, पावसाळी सामान आणि आगोट मिळून २७,५०० लागणार. दहा हजार कमी पडतात. म्हणून पहिल्या वर्षी ते मोकळे २,२०० सुद्धा त्याच खात्यात जाऊ द्या, पाच महिन्यांचे ११,००० होतात आणि जेमतेम भागतं. मधेच कोणी तापाने पडलं तर तेही पुरणार नाही. तेव्हा मार्चमध्येच शाळेत जाऊन फी दोन हप्त्यांत मिळेल का विचारा आणि होकार मिळाला तर लेखी घ्या. जूनला गर्दीत विचारलं तर कोणी ऐकत नाही. जून पार झाला की गाडी रुळावर येते, जुलै-ऑगस्टमध्ये बाजूला टाकलेल्या पैशांतून गणपतीचे पाच हजार आरामात निघतात.

पैसे ठेवायचे कुठे? पतपेढीत नोकरी करूनही सांगते, मुलांच्या फीचे पैसे बँकेत ठेवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पहिल्या वर्षी साध्या बचत खात्यात ठेवा, पाच महिन्यांची आवर्ती ठेव सहसा मिळत नाही. पुढच्या वर्षासाठी मे महिन्यात मुदत संपेल अशी आवर्ती ठेव काढलीत तर पैसे नेमके लागायच्या वेळेला हातात येतात.

भाड्याबद्दल. कुवारबावकडे किंवा त्याही पलीकडे खोली हजार-दीड हजाराने स्वस्त दिसते, पण मुलांची शाळा गावात असेल तर रिक्षा तेवढी खाते. भाडं आणि रिक्षा यांची बेरीज करून दोन जागांची तुलना करा, नुसत्या भाड्याची नको. एप्रिल-मेमध्ये पाणी कसं मिळतं ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नाही. आमच्या चिपळुणात तर २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर तळमजल्याची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी आधी पाणी कुठवर चढलं होतं ते विचारून घेतात.

करार तुमच्या नावावर आणि नोंदणी केलेला हवा. अकरा महिन्यांच्या करारात एक गंमत आहे, तो संपायची तारीख दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकते. यंदा ऑगस्टात संपणारा करार पुढे जुलैत, मग जूनमध्ये येतो. म्हणजे नूतनीकरणाचा खर्च आणि भाडेवाढ नेमकी फीच्या महिन्यात. मालक तयार असेल तर बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करार करा आणि भाडं कधी, किती वाढणार ते त्यात लिहून घ्या.

आता त्या पाच हजारांचं कायमचं काय करायचं. घटस्फोट झाला नसला तरी पोटगी मागता येते. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. मुख्य निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगीही मागता येते. तो अर्ज, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे धरून चाला. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

वर लिहिलेली खर्चाची वही इथे कामाला येते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. फीच्या पावत्या, भाडेकरार, डॉक्टरांची बिलं त्याला जोडता येतात. तेव्हा पावत्या आजपासून एका फाइलीत ठेवा. आणि तो देतो ते पैसे रोख घेऊ नका, खात्यावरच मागवा. कधी किती आले आणि कधी आले नाहीत, हे बँकेचं पासबुक सांगेल.

आणखी एक, बालसंगोपन योजनेची माहिती जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात काढा. एकल पालकाच्या मुलामागे महिना २,२५० रुपये आहेत. मंजुरी बाल कल्याण समितीकडून येते आणि पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं नाही, म्हणून तेही जमेत धरू नका, आले की सरळ फीच्या खात्यात. एसटीने जात असाल तर तुमचं अर्धं तिकीट आहेच.

ठेव बाजूला जाऊ लागली की पहिले तीन महिने हात आखडल्यासारखं वाटेल. त्यात शिकवणी बंद करायचा विचार सगळ्यात आधी मनात येतो. त्याआधी वीजबिल आणि मोबाईलचे रिचार्ज बघा, आमच्या घरी तिथेच महिन्याला चारशे निघाले.