बेदाण्याचा रंग मोजताना आधी पांढरा-काळा नीट घ्या

सांगलीच्या बेदाण्याची प्रतवारी करायचीय ना? मग टीसीएस३२०० या रंग-सेन्सरचे `pulseIn()` आकडे थेट `map()` मध्ये टाकू नका. हा सेन्सर उजेडाच्या प्रमाणात वारंवारता देतो, पल्सची लांबी मात्र उलटी चालते.

समजा लाल फिल्टरवर पांढऱ्या कागदाला 40, काळ्याला 300 आणि बेदाण्याला 90 आले. काळा 0 आणि पांढरा 255 धरला तर `map()` 206 दाखवेल, खरं उत्तर साधारण 92 आहे. म्हणून व्यस्त घ्या:

```
r = 255*(1.0/x - 1.0/k)/(1.0/p - 1.0/k);
```

x बेदाणा, p पांढरा, k काळा. हिरव्या-निळ्याचे p, k वेगळे मोजा. अंतर तेच ठेवा आणि बाहेरचा उजेड काळ्या नळीने अडवा, नाहीतर k खाली येतो. उत्तर 255 च्या वर गेलं, तर बेदाण्यावरची चकाकी तपासा.