धड्याचं नाव झाकलं की गणित का अडतं?

प्रश्न: दहावीच्या पोरांना सरावसंचातली गणितं पटापट येतात. पण सराव परीक्षेत सगळे धडे एकत्र आले की कोणती रीत लावायची तेच सुचत नाही. अजून जास्त गणितं करून घेऊ का?

जास्त नका घेऊ. आहेत तीच घ्या, फक्त त्यांचा क्रम मोडा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात दहावीला गणित शिकवते. तुम्ही म्हणता ते मला एका उत्तरपत्रिकेत लख्ख दिसलं होतं. प्रश्न साधा होता: १० मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे, तिचा पाय भिंतीपासून ६ मीटरवर आहे, तर ती भिंतीला किती उंचीवर टेकेल? वर्गातल्या चांगल्या पोरांपैकी एकानं सुबक आकृती काढली, खाली cos θ = ६/१० लिहिलं आणि पुढं काहीच नाही. ३०, ४५, ६० यांपैकी कुठलाच कोन जुळेना म्हणून त्यानं पान सोडून दिलं होतं. हाच पोरगा दोन महिन्यांआधी पायथागोरसच्या सरावसंचात असली गणितं तोंडी सांगत होता. मधल्या काळात त्रिकोणमिती झाली होती आणि शिडी दिसली की कोन शोधायचा, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

बिचाऱ्याचा दोष नव्हता. सरावसंच ‘पायथागोरसचे प्रमेय’ या धड्यात असेल तर रीत कोणती हे पुस्तकानंच सांगून टाकलेलं असतं. पोरगं फक्त आकडे भरतं. रीत निवडायची वेळ त्याच्यावर थेट परीक्षेतच येते. धड्याच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रहही त्याच धड्यापुरता संकीर्ण असतो, त्यामुळं तिथंही ही अडचण सुटत नाही.

म्हणून आता मी असं करते. नवीन धडा शिकवला की त्याच दिवशी त्याची चार-पाच गणितंच सोडवून घेते. एवढी लागतातच, रीत हातात बसलेली नसताना मिसळामिसळ केली तर पोरं नुसती गोंधळतात. त्या सरावसंचातली उरलेली गणितं मागं ठेवते आणि पुढच्या पाच-सहा आठवड्यांत दोन-दोन करून वाटते. दर शनिवारी आठ गणितांचा एक संच फळ्यावर. धड्याचं नाव नाही, पान क्रमांक नाही. एकूण गणितं तेवढीच राहतात, वेगळं छापायचा खर्चही नाही.

खरी मेहनत आहे ती गणितं निवडण्यात. वर्तुळाचं एक, संभाव्यतेचं एक, अर्थनियोजनाचं एक असं घातलं तर वरून मिश्र दिसतं, पण फासा नाहीतर जीएसटी हा शब्द वाचूनच पोरगं ओळखतं. दिसायला सारखी आणि रीत वेगळी, अशी गणितं शेजारी यायला हवीत. माझ्या एका संचातली ही चार बघा:

शिडी १० मीटर, पाय भिंतीपासून ६ मीटर. उंची?
शिडी १० मीटर, जमिनीशी ६० अंशांचा कोन. उंची?
१.५ मीटर काठीची सावली २ मीटर पडते, त्याच वेळी विजेच्या खांबाची १२ मीटर. खांबाची उंची?
खांबाची सावली १२ मीटर, सूर्याचा उन्नतकोन ३० अंश. खांबाची उंची?

पहिल्यात एकाच काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू दिल्या आहेत आणि कोन कुठंच नाही, म्हणून पायथागोरस: १००मधून ३६ गेले, ६४, उंची ८ मीटर. दुसऱ्यात बाजू एकच, पण कोन दिलाय. Sin ६०° लावायचं, ५√३ मीटर. तिसऱ्यात त्रिकोण दोन आहेत आणि कोनाचं माप नाही, पण ऊन दोघांवर एकाच तिरपेपणानं पडतं म्हणून ते समरूप; h/१२ = १.५/२, म्हणजे ९ मीटर. चौथ्यातही सावलीच आहे, तरी समरूपता नाही. त्रिकोण एकच आणि कोन दिलेला, म्हणून tan ३०°, उत्तर ४√३ मीटर.

हे मी आधी सांगत नाही. पहिली दहा मिनिटं पेन खाली. प्रत्येकानं वहीत फक्त रीत आणि ‘का’ एवढंच लिहायचं, तेही पेन्सिलनं. तेव्हा मागच्या बाकावरून ठरलेला आवाज येतो, “मॅडम, हे कोणत्या धड्यातलं आहे जी?” मी सांगत नाही. मग एकमेकांशी वाद होतो. ‘सावली आहे म्हणून समरूपता’ असं लिहिणारे चौथ्या गणितावर आपटतात, आणि ते आपटायलाच पाहिजेत. त्यानंतर मात्र आठही गणितं शेवटपर्यंत सोडवायची. नुसती रीत ओळखून थांबलं तर sin की cos हा घोळ तसाच राहतो.

एक चूक माझीही सांगते. पहिल्या वर्षी मी सगळे संच पायथागोरस, समरूपता, त्रिकोणमिती, पुन्हा पायथागोरस अशा ठराविक फेऱ्यानं काढले. तिसऱ्या शनिवारी एका पोरीनं गणित न वाचताच रीती लिहून दिल्या, सगळ्या बरोबर! आता चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवते. कधी एकाच रीतीची दोन लागोपाठ आली तरी येऊ देते.

दुसरी गोष्ट आधीच मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या कानावर घाला: सुरुवातीला वहीतले मार्क घसरतात. माझ्याकडं एक वडील वही घेऊन आले होते, “पोरगी आधी दहापैकी नऊ आणायची, आता पाच कशी?” हे होणारच. अमेरिकेत रोहरर आणि टेलर यांचा २००७चा एक प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ शिकवण्याचा. एकेका आकृतीचा सलग सराव करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानं चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर होते आणि मिसळवाले ६३वर. पुढं २०२० साली रोहरर यांच्याच गटाचा सातवीच्या ५४ वर्गांवरचा अभ्यास आला. त्यात महिन्याभरानं अचानक घेतलेल्या चाचणीत मिश्र सरावाचे ६१ टक्के आणि सलग सरावाचे ३८ टक्के होते. त्या वडिलांना मी टक्के नाही सांगितले. पोरीला तिथंच शिडीची दोन गणितं घातली आणि कोणती रीत, का, हे त्यांच्यासमोर बोलायला लावलं.

सुधारणा होते की नाही हे मार्कांवरून लवकर कळत नाही. मी तपासताना चुकीशेजारी लाल पेनानं ‘री’ किंवा ‘हि’ लिहिते. ‘री’ म्हणजे रीत चुकली, ‘हि’ म्हणजे हिशोब चुकला. सातव्या-आठव्या संचापर्यंत ‘री’ विरळ व्हायला हवेत. ‘हि’ तसेच राहिले तर तो आकडेमोडीचा प्रश्न, त्यावर हा उपाय नाही. आणि एकाच रीतीपुढं सारखे ‘री’ येत असतील तर संच थांबवून तो धडा पुन्हा शिकवावा लागतो. आमच्याकडं दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला अर्धा वर्ग शेतात असतो. त्या काळात झालेल्या धड्याचं असं हमखास होतं. तो धडा मी वेचणी सरल्यावर परत घेते आणि मगच त्याची गणितं शनिवारच्या संचात टाकते.