सेलोफेनचा बाजार केवढा?

प्रश्न: एका वस्तूची किंमत वाढली की दुसरीचा खप किती वाढतो, ती छेदक लवचिकता जास्त आली की दोन वस्तू एकाच बाजारात धरायच्या ना? मग वेगळी ५ टक्के दरवाढीची चाचणी कशाला?

नुसती लवचिकता पाहून चालत नाही. ती पर्याय आहे एवढं सांगते. तो पर्याय दरवाढ रोखण्याइतका जवळचा आहे का, हे चाचणी सांगते. तिच्यात वस्तूचा एकच विक्रेता आहे असं धरायचं आणि त्याला ५ टक्के दरवाढ परवडते का ते पाहायचं.

समजा वस्तूची किंमत १०० रुपये, बदलता खर्च ६० आणि खप १०० नग. नफा ४,०००. किंमत १०५ केली तर नगामागे ४५ सुटतात, म्हणजे ८९ नग विकले तरी नफा टिकतो. ११ टक्क्यांपर्यंत गिऱ्हाईक गेलं तर दरवाढ परवडते आणि बाजार तेवढाच. त्याहून जास्त गेलं, तर ते जिथे गेलं तो पर्याय बाजारात घ्यायचा आणि पुन्हा तपासायचं.

खरी मेख सुरुवातीच्या किमतीत आहे. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनी देशातलं जवळपास ७५ टक्के सेलोफेन विकायची. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने छेदक लवचिकता जास्त म्हणून बाजार सगळ्या लवचिक वेष्टनांचा धरला. त्यात सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांहून कमी, त्यामुळे कंपनी मक्तेदारीच्या आरोपातून सुटली. पण मक्तेदार किंमत आधीच इतकी चढवून ठेवतो की आणखी वाढवली तर गिऱ्हाईक मेणकागदाकडे वळणारच! हा निकाल मला चुकीचाच वाटतो. म्हणून मक्तेदारीच्या गैरवापराच्या खटल्यात ५ टक्के वाढ चालू किमतीवर नको, स्पर्धेत राहिली असती त्या किमतीवर मोजावी. ती काढणं अवघड असतं. विलीनीकरणात मात्र बहुधा चालू किंमतच घेतात, कारण तिथे प्रश्न यापुढच्या दरवाढीचा असतो.