जीएसटी क्रमांक बरोबर असला तरी खाते चोराचे असू शकते

"आमच्या जुन्या सप्लायरने बँक खाते बदलल्याची मेल पाठवून नवे इनव्हॉइस दिले आहे. जीएसटी नंबर बरोबर आहे, क्यूआर कोडही स्कॅन होतो. पैसे पाठवायला हरकत आहे का?"

हरकत आहे. सप्लायरच्या मालकाशी तुम्ही स्वतः फोनवर बोलेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. क्यूआर कोड आणि जीएसटी क्रमांक जुळतात, एवढ्यावर आम्हीही २०२३ मध्ये विश्वास ठेवला होता.

कोल्हापूरजवळ आमचे मशीनिंगचे छोटे वर्कशॉप आहे आणि हिशेब मी पाहते. परराज्यातील एका व्यापाऱ्याकडून आम्ही बारा वर्षे स्टीलचे राउंड बार घेत होतो. एका शुक्रवारी दुपारी त्यांच्या आधीच्या मेलला उत्तर म्हणून पुन्हा तेच इनव्हॉइस आले. क्रमांक तोच, ट्रकचा नंबर तोच, रक्कम तीच ४,८६,२०० रुपये, आणि सोबत मजकूर होता की ऑडिटमुळे जुने खाते तात्पुरते बंद आहे, म्हणून या नव्या खात्यात आरटीजीएस करावे. आमच्या अकाउंटंट मुलीने मला विचारले, "वहिनी, एकदा फोन करू का?" तेथेच उभे असलेले माझे मोठे दीर म्हणाले, "बारा वर्षांचा व्यवहार आहे, असे विचारले तर त्यांना काय वाटेल?" मी गप्प बसले आणि पैसे गेले.

पुढच्या गुरुवारी व्यापाऱ्याचाच फोन आला की पेमेंट कधी करताय. तेव्हा मी दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून पाहिल्या. बँकेच्या तपशिलाच्या तीन ओळींतील अक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होते. शाखा त्यांच्याच गावातील छापली होती, पण आयएफएससी कोड बँकेच्या यादीत शोधल्यावर तो भलत्याच राज्यातील शाखेचा निघाला. मेलच्या पत्त्यात m च्या जागी r आणि n ही दोन अक्षरे होती, आणि ती शेजारी आली की m सारखीच दिसतात.

खाते बदललेले असूनही क्यूआर कोड बरोबर कसा निघाला, हे मला नंतर कळले. ई-इनव्हॉइसच्या त्या कोडमध्ये दोघांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, मुख्य एचएसएन कोड आणि आयआरएन असा बिलाचा तपशील असतो. विक्रेत्याचे बँक खाते त्यात नसते. म्हणजे खऱ्या बिलावरील फक्त खाते बदलले, तर कोड खराच ठरतो. शिवाय एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे केवळ खाते क्रमांकावर जमा होतात. आपण टाइप केलेले नाव तेथे जुळवले जात नाही.

आता आम्ही खाते बदलाची मेल आली की त्या मेलवरील किंवा नव्या बिलावरील नंबरवर फोन करत नाही. जुन्या खरेदी ऑर्डरवर असलेल्या नंबरवर मालकाला फोन लावतो आणि नवा खाते क्रमांक आपण वाचून न दाखवता त्यांना वाचायला सांगतो, कारण आपण वाचला तर घाईतला माणूस "हो हो" म्हणून मोकळा होतो. त्यानंतर बँकेच्या नेट बँकिंगमध्ये खातेदाराचे नाव पाहतो. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास बँकांना सांगितले होते. मग पाच-सात रुपयांसारखी एखादी विचित्र रक्कम पाठवून "किती आले?" असे त्याच नंबरवर विचारतो. रद्द केलेल्या चेकचा फोटो मात्र आम्ही पुरावा मानत नाही, कारण ज्याने बिल बदलले त्याला चेक बदलणे अवघड नाही.

आमच्या घरात अजूनही म्हणतात की चूक त्या मुलीची. मला ते मान्य नाही. तिने विचारले होते, आणि विचारणाऱ्या माणसाला थांबवणारे आम्ही दोघे होतो. त्या व्यापाऱ्याला मी नंतर स्पष्ट विचारले की फोन केला असता तर राग आला असता का. त्यांचा मेलबॉक्सच कोणीतरी वाचत होते, ते म्हणाले, "तुम्ही फोन केला असता तर मलाही त्याच दिवशी कळले असते." तेव्हापासून खाते बदलाच्या प्रत्येक नोंदीवर फोनची वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव लिहिल्याशिवाय मी सही करत नाही, मग भावोजी कितीही घाई करोत.

पैसे आधीच गेले असतील तर उत्तर वाचत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेला व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्या. आम्ही सहा दिवसांनी जागे झालो, तोवर त्या खात्यात ३८ हजार उरले होते आणि तेवढेच गोठवता आले. आणखी एक सांगायचे राहिले: फोनवर मालकाशीच बोला. सप्लायरच्या कार्यालयातीलच कोणी आपले खाते पुढे करत असेल, तर त्यालाच फोन करून खात्री पटवण्यात काही अर्थ नाही.