बॅटरी बदलली आणि रात्रीचे फोटो बिघडले : कॅमेऱ्याच्या काचेवरचा तडा कोणाच्या माथी?

प्रश्न : अधिकृत सेवा केंद्रात फोनची बॅटरी बदलून घेतली. तेव्हापासून रात्रीच्या फोटोंत दिव्यांभोवती कडी उमटतात आणि एका बाजूला धुरकट डाग येतो. नीट पाहिल्यावर कॅमेऱ्याच्या काचेला बारीक तडा दिसला. केंद्रवाले म्हणतात, "फोन तुमच्या हातून पडला असेल, वॉरंटीत बसत नाही." फोन घेताना मी 'सुस्थितीत मिळाला' यावर सही केली आहे. आता काय करता येईल?

उत्तर : त्या सहीने तुमचा हक्क संपत नाही, पण पुरावा हातचा जाऊ देऊ नका. बाहेर कुठेही काच बदलून घेऊ नका, तड्यावर गोंद किंवा चिकटपट्टीही लावू नका. तुमचं प्रकरण या काचेवरच उभं आहे.

दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू ही कायद्याने दुकानदाराकडे ठेवलेली ठेव असते. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 151 नुसार, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी. वस्तू त्याच्या ताब्यात असताना बिघडली, तर काळजी घेतली होती हे त्यालाच दाखवावं लागतं. मात्र बिघाड त्याच ताब्यात झाला, हे आधी तुम्हाला दाखवावं लागेल.

त्यासाठी सगळ्यात आधी जॉबशीट काढा. फोन जमा करताना त्यावर फोनची बाह्य स्थिती लिहितात. तिथे ओरखडे, कोपऱ्यावरचा पोचा नोंदवला असेल आणि कॅमेऱ्याच्या काचेबद्दल अवाक्षर नसेल, तर ती नोंद तुमच्या बाजूची आहे. त्यानंतर फोन जमा करण्याच्या आधीच्या काही दिवसांतले रात्रीचे फोटो शोधा. रस्त्यावरचे दिवे असलेले, त्याच लेन्सने काढलेले हवेत. मूळ फाइलच जपा, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत तारीख, लेन्स वगैरे माहिती सहसा उरत नाही. पुढे ग्राहक आयोगात जावं लागलं, तर हे फोटो मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा.

आता चाचणी. समोरची बाजू हमखास म्हणेल की असं सगळ्याच फोनमध्ये होतं, आणि ते अर्धं खरं आहे. धडधाकट फोनमध्येही तेजस्वी दिव्याचा फिकट, बहुधा हिरवट ठिपका फोटोच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पडतो. दिवा सरकवला की तो उलट्या दिशेने सरकतो. त्याची तक्रार करू नका.

आधी कॅमेऱ्यावरचं वरून लावलेलं संरक्षक कव्हर काढा, काच मऊ कापडाने पुसा. फोन टेकवून ठेवा, अंधाऱ्या खोलीत एकच छोटा दिवा चालू करा. तो फ्रेमच्या कडेला, मग फ्रेमच्या जरा बाहेर ठेवून फोटो घ्या. दिवा बाहेर असतानाही धुरकट पट्टा येत असेल आणि दिवा व काच यांच्यामध्ये हात धरताच तो जात असेल, तर काचेवर काहीतरी प्रकाश विखुरतं आहे. हीच चाचणी दुसऱ्या लेन्सने करा. पण अंधारात फोन कधी कधी झूमची लेन्स न वापरता मुख्य लेन्सचाच फोटो कापून देतो. कुठली लेन्स चालू आहे ते एकेकीवर बोट ठेवून तपासा.

तुमच्या प्रकरणात मोलाची चाचणी फ्लॅशची आहे. पूर्ण अंधारात एक फोटो फ्लॅशने घ्या, एक फ्लॅश बंद ठेवून दूरच्या दिव्याचा. फ्लॅशचा फोटो दुधाळ आणि दुसरा बराच स्वच्छ आला, तर फ्लॅशचा उजेड काचेखालून लेन्समध्ये झिरपत असण्याची दाट शक्यता आहे. हा उजेड अडवणारं सील किंवा काचेची चौकट मागचं कव्हर पुन्हा बसवताना नीट बसली नाही की असं होतं. काचेच्या आत धूळ किंवा पुसून न जाणारं धुकं दिसलं, तर तेही सैल जोडणीकडेच बोट दाखवतं. पडण्याने तडा जातो, हे त्यांचं म्हणणं खरं मानलं तरी आतल्या जोडणीचा प्रश्न उरतोच.

या सगळ्याचा व्हिडिओ करून केंद्राला आणि कंपनीला ईमेलने लेखी तक्रार आजच पाठवा. जितका उशीर, तितका 'मधल्या काळात पडला' हा बचाव भक्कम. 'दोष फक्त रात्री दिसतो, म्हणून काउंटरवर सही करताना कळला नाही' हे वाक्य त्यात असू द्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा.

दाद मिळाली नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 35 खाली तक्रार दाखल करा. केंद्र आणि कंपनी दोघांना सामनेवाले करा. तुम्ही मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत 2 वर्षांची आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर कलम 38 नुसार आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्या तपासणीची फी तुम्हाला भरायला सांगितली जाऊ शकते.

मागणी बेताची ठेवा : काच आणि सील मोफत बदलून द्यावं, तक्रारीचा खर्च आणि वाजवी भरपाई द्यावी. संपूर्ण फोनची किंमत मागू नका. तुमची तक्रार सेवेतल्या त्रुटीची आहे, फोन मुळात सदोष असल्याची नाही. तो दावा मांडलात तर तो सिद्धही करावा लागेल.